एसटीच्या संपात दवाखान्याच्या तारखा

एसटीचा संप सुरू झाला की तालुक्याच्या दवाखान्यात त्या दिवशी नाव लावलेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जण येऊ शकत नाहीत, अशी परिस्थिती ग्रामीण महाराष्ट्रात अनेकदा येते. अशा वेळी दवाखान्याच्या हातात जेमतेम एक संध्याकाळ असते. कोणाला काही करून आणायचेच, कोणाशी फोनवर बोलून भागेल आणि कोणाला पुढची तारीख द्यायची, हे तेवढ्या वेळात ठरवावे लागते. बहुतेक ठिकाणी प्रत्यक्षात एकच निरोप जातो : ‘संप मिटल्यावर या.’ वरवर समजूतदार वाटणारा हा निरोप रुग्णासाठी सर्वांत धोक्याचा असतो, कारण त्यात तारीखच नसते.

संप किती दिवस चालेल, हे आधी कोणालाच सांगता येत नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये ऐन दिवाळीत एसटी कर्मचाऱ्यांनी पुकारलेला संप चार दिवसांत संपला. सप्टेंबर २०२४ मध्ये गणेशोत्सव तोंडावर असताना सुरू झालेला संप दोनच दिवसांत मिटला. महामंडळाचे राज्य शासनात विलीनीकरण व्हावे, या मागणीचा संप मात्र वेगळा ठरला. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस काही आगारांत काम थांबले, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत राज्यभर गाड्या उभ्या राहिल्या आणि मुंबई उच्च न्यायालयाने कामावर हजर होण्यासाठी २२ एप्रिल २०२२ ही मुदत दिल्यानंतर तो खऱ्या अर्थाने संपला. ‘संप मिटल्यावर या’ हे वाक्य २०२४ मध्ये ऐकणारा रुग्ण आठवडाभरात परत आला असेल. तेच वाक्य नोव्हेंबर २०२१ मध्ये शब्दशः पाळणाऱ्याची तपासणी उन्हाळ्यावर गेली असती.

संपाची चाहूल तशी आधी लागते. संपापूर्वी किमान १४ दिवसांची नोटीस देणे कायद्याने बंधनकारक आहे आणि संघटनांचे इशारे वर्तमानपत्रांत येत असतात. पण नोटीस दिली म्हणून संप होईलच असे नाही, आणि दिली नाही म्हणून होणार नाही असेही नाही. जून २०१८ मध्ये एसटीत अघोषित संप झालाच होता. शिवाय मंत्रालयातली बैठक रात्री उशिरापर्यंत चालते आणि निर्णय पहाटे कळतो. म्हणून जाणते दवाखाने बातमीपेक्षा मुक्कामी गाडीवर भरवसा ठेवतात. आडगावाला सकाळी सुटणारी पहिली गाडी बहुधा आदल्या संध्याकाळी तिथे मुक्कामाला आलेली असते. चालक-वाहक गावातच झोपतात आणि पहाटे तीच गाडी तालुक्याला निघते. ती रात्री आली नाही, तर सकाळची फेरी नाही, हे त्याच वेळी नक्की होते. त्यामुळे रात्री आठच्या सुमारास दोन-तीन दूरच्या गावांतल्या ओळखीच्या माणसांना ‘मुक्कामी गाडी आली का?’ एवढे विचारले तरी दुसऱ्या दिवशीचा बराच अंदाज येतो. संप आगारागणिक पसरत असेल तर हे विचारणे जास्तच उपयोगी, कारण एका रस्त्यावरच्या गाड्या चालू आणि दुसऱ्या रस्त्यावरच्या बंद, अशी अवस्था काही दिवस राहू शकते.

चाहूल लागली की पहिले काम केस पेपर काढण्याचे. नावांची यादी पाहून तारखा हलवता येत नाहीत, कारण यादीत नाव, गाव आणि वेळ एवढेच असते. रुग्ण किती थांबू शकतो हे केस पेपरवर लिहिलेले असते. डॉक्टरांनी किंवा अनुभवी सिस्टरांनी प्रत्येक नावापुढे एकच गोष्ट लिहायची : कोणत्या तारखेपर्यंत थांबले तर चालेल. त्या तारखेला ‘अखेरची तारीख’ म्हणता येईल. ती एकदा लिहिली की पुढचे बरेचसे निर्णय रिसेप्शनवरची व्यक्तीही घेऊ शकते. ती नसेल तर ज्याचा फोन आधी लागला त्याला जवळची वेळ मिळते आणि ज्याला खरी घाई आहे तो मागे राहतो.

अखेरची तारीख ठरवताना आजाराच्या नावापेक्षा घरात उरलेल्या गोळ्या अधिक सांगून जातात. बीपी, मधुमेह, थायरॉइड, फिट्स अशा कायमच्या आजारांत डॉक्टर महिन्याच्या गोळ्या लिहून देतात आणि पुढची तपासणीही महिन्यानेच ठेवतात. म्हणजे तपासणीची तारीख आणि गोळ्या संपण्याची तारीख एकच असते. तपासणी आठ दिवस पुढे गेली आणि गोळ्यांचे कोणी काहीच बोलले नाही, तर रुग्ण तेवढे दिवस औषधावाचून राहतो. बीपीच्या रुग्णाला त्यात काही जाणवतही नाही आणि दाब मात्र वाढत राहतो. फिट्सच्या रुग्णाचे औषध अचानक तुटले तर फिट येऊ शकते आणि ती नेमकी गाड्या बंद असलेल्या दिवशी येते. म्हणून पुढची तारीख देण्याआधी ‘गोळ्या किती दिवसांच्या उरल्यात?’ हे विचारलेच पाहिजे. उत्तर नेहमी खात्रीचे नसते. ‘आहेत की थोड्या’ म्हणणाऱ्या आजींना पाकीट हातात घेऊन मोजायला सांगावे लागते. त्यात अर्धा मिनिट जातो आणि तो सत्कारणी लागतो.

काही तारखांना मात्र शरीरानेच मुदत घातलेली असते. गरोदरपणात गर्भाच्या मानेमागची जाडी मोजणारी पहिल्या तिमाहीतली सोनोग्राफी ११ आठवडे पूर्ण झाल्यापासून १३ आठवडे ६ दिवसांपर्यंतच करता येते. त्यानंतर ते मोजमाप घेण्यात अर्थ उरत नाही. बाळाच्या अवयवांची तपासणी करणारी पुढची सोनोग्राफी साधारण १८ ते २० आठवड्यांत होते, तिथे थोडी सवड असते. टाक्यांचे दिवस जागेवर अवलंबून : चेहऱ्याचे पाचेक दिवसांत, पोटाचे सात ते दहा दिवसांत आणि पायाचे दहा ते चौदा दिवसांत काढतात. पोटाचे टाके दोन दिवस उशिरा निघाले तर फारसे बिघडत नाही. जखम लाल होऊन गरम लागत असेल, तर मात्र एक दिवसही थांबायचे नाही. बाळाच्या लसी ठरल्या वेळेआधी देता येत नाहीत, थोड्या उशिरा दिल्या तर चालते आणि उशीर झाला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. कुत्रा चावल्यानंतरच्या लसीला ही सवलत नाही. तिच्या मात्रा ० , ३, ७ अशा दिवसांना बांधलेल्या असतात आणि त्या टाळायच्या नसतात.

डायलिसिसचा विचार वेगळाच करावा लागतो. आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा, दर वेळी साधारण चार तास यंत्रावर राहणाऱ्या रुग्णाची फेरी चुकली तर अंगात पाणी साठते आणि रक्तातले पोटॅशियम वाढते. ते फार वाढले तर हृदयाचे ठोके बिघडतात. इथे फोनवरचा सल्ला कामाचा नाही आणि पुढच्या आठवड्याची तारीख जिवावर बेतणारी. जे हलवता येते ते इतकेच : सकाळच्या पाळीऐवजी दुपारची पाळी, किंवा फार तर एखादा दिवस इकडे-तिकडे. म्हणून डायलिसिस केंद्रे संपाच्या दिवशी तारखा न हलवता गाडीच जुळवतात. एकाच रस्त्यावरच्या गावांतले तीन-चार रुग्ण एका पाळीत घेतले तर एक जीप त्यांना एकत्र आणू आणि परत नेऊ शकते. १०८ ची रुग्णवाहिका तातडीच्या प्रसंगासाठी असते, ठरलेल्या डायलिसिसला तिच्यावर विसंबून राहता येत नाही. फेरी खरोखरच लांबली तर तोपर्यंत पाणी किती प्यायचे, केळी, शहाळे, सुका मेवा असे पोटॅशियमचे पदार्थ कसे टाळायचे, हे त्याच फोनवर सांगायचे. धाप लागली किंवा अशक्तपणा वाढला तर वाट न पाहता निघायचे, हेही तेव्हाच बजावून सांगायचे.

दवाखान्यांत सहसा दोनच पर्यायांचा विचार होतो : फोनवर तपासणी किंवा पुढची तारीख. तिसरा पर्याय बहुधा विसरला जातो आणि कित्येकदा तोच सर्वांत चांगला असतो. तो म्हणजे तारीख तीच ठेवून ठिकाण जवळचे करणे. कुत्र्याच्या लसीची पुढची मात्रा कार्ड दाखवून गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात घेता येते. ड्रेसिंग, टाके काढणे, बीपी मोजणे, साखर तपासणे ही कामे केंद्रात किंवा उपकेंद्रातही होतात. बाळाची लस गावातल्या ठरलेल्या लसीकरणाच्या दिवशी मिळते. त्यासाठी दवाखान्याने त्या केंद्राला आधी फोन करून लस शिल्लक आहे का आणि कोण हजर आहे, हे विचारून घ्यावे. न विचारता पाठवलेला रुग्ण पाच किलोमीटर चालत जातो आणि तिथून तसाच परत येतो. संपाचा फटका आरोग्य केंद्रालाही बसलेला असू शकतो, कारण तिथली सिस्टर कदाचित एसटीनेच येत असते.

फोनवरच्या तपासणीला २५ मार्च २०२० पासून देशात लेखी चौकट आहे. टाळेबंदी सुरू होत असताना जाहीर झालेल्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचना त्याआधीच्या संभ्रमाला उत्तर होत्या आणि संपाच्या दिवशीही त्याच लागू होतात. त्यांतल्या तीन गोष्टी दवाखान्यात सगळ्यांना माहीत असायला हव्यात. पहिली संमतीची. रुग्णाने स्वतः डॉक्टरांना फोन केला तर त्याची संमती गृहीत धरली जाते. संपाच्या दिवशी मात्र फोन दवाखान्याकडून जातो, म्हणून रुग्णाची स्पष्ट संमती घेऊन ती नोंदवावी लागते. ‘मला फोनवर तपासणी चालेल’ असा त्याचा छोटा मेसेज किंवा आवाजातला निरोप पुरतो. दुसरी गोष्ट, त्याच आजारासाठी त्याच डॉक्टरांना गेल्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष दाखवले असेल, तरच ती पुढची तपासणी धरली जाते. नव्या रुग्णाला किंवा नव्या तक्रारीला फोनवर देता येणारी औषधे बरीच मर्यादित आहेत. तिसरी, मॉर्फिनसारखी अंमली औषधे फोनवर लिहून देता येत नाहीत. अशा वेदनाशामकांवर असलेल्या कर्करोगाच्या रुग्णाला फोनवर सल्ला मिळेल, पण औषधासाठी कोणाला तरी यावेच लागेल. ही गोष्ट संपाच्या पहिल्याच दिवशी ओळखायला हवी, औषध संपल्यावर नव्हे.

फोनवर तपासणी नीट होण्यासाठी हातात आकडे लागतात. ‘बरं वाटतंय’ एवढ्यावर इन्सुलिनची मात्रा बदलता येत नाही. म्हणून फोनची वेळ देतानाच काय तयार ठेवायचे ते सांगावे : गेल्या आठवड्यात घरी किंवा आशाताईंकडे मोजलेली साखर, बीपीचे दोन-तीन आकडे, चालू गोळ्यांची पाकिटे आणि जुना केस पेपर. ज्याच्या घरी साधा फोन आहे त्याच्यासाठी व्हिडिओचा आग्रह धरू नये, आवाजावर बरेच काम होते. चिठ्ठीचा फोटो शेजाऱ्याच्या फोनवर पाठवता येतो, पण त्याआधी रुग्णाला विचारावे, कारण चिठ्ठीवरून आजार कळतो. सरकारी दवाखान्याच्या रुग्णांना आणखी एक सोय आहे. आयुष्मान आरोग्य मंदिर झालेल्या उपकेंद्रातला समुदाय आरोग्य अधिकारी ई-संजीवनीवरून वरच्या डॉक्टरांशी जोडून देतो. तिथे बीपी मोजणारे, पाय दाबून सूज पाहणारे माणूस रुग्णाच्या शेजारी असते, म्हणून घरून केलेल्या फोनपेक्षा ही तपासणी अधिक भरवशाची.

फोनच्या मर्यादा मात्र ठामपणे सांभाळाव्या लागतात. पोटदुखीत पोट दाबून पाहावे लागते. मधुमेहाच्या रुग्णाच्या पायाला बधिरता असेल तर त्याला स्वतःच्या तळव्याची जखम कळतही नसते आणि फोनवर तो ‘पाय ठीक आहेत’ असे मनापासून सांगतो. चालताना छातीत दडपण येते, नवीन धाप लागते, एका बाजूचा हात जड वाटतो, बाळ दूध पीत नाही, गरोदरपणात रक्तस्राव होतो किंवा बाळाची हालचाल कमी वाटते, यांपैकी काहीही फोनवर ऐकू आले की संभाषण तिथेच थांबवून रुग्णाला आणायची तजवीज करायची. तारीख बदलायला फोन करणाऱ्या रिसेप्शनिस्टकडेही एवढी यादी लिहिलेली हवी. बरेचदा रुग्ण नवी तक्रार तिलाच पहिल्यांदा सांगतो, आणि तिने ती ‘डॉक्टरांना शनिवारी सांगा’ म्हणून सोडून दिली तर पुढची सगळी व्यवस्था फुकट जाते.

आता एक दिवस सविस्तर मांडून पाहू. समजा, तालुक्याच्या गावातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात बुधवारी ३६ जणांची नावे आहेत. मंगळवारी संध्याकाळी संप नक्की झाला. ११ जण गावातलेच आहेत, त्यांना काही कळवायची गरज नाही. उरले २५. फोन केल्यावर कळते की चौघांकडे मोटारसायकल आहे आणि ते येणार आहेत. राहिलेल्या २१ जणांपैकी पाच जण थांबू शकत नाहीत : छातीत दडपण येणारा एक नवा रुग्ण, गरोदरपणाचे १३ आठवडे ३ दिवस झालेली एक बाई, पायाच्या जखमेतून पू येऊ लागलेला एक शेतकरी, दोन दिवसांपूर्वी हाताला प्लास्टर घातलेला आणि आता बोटे सुजलेली एक मुलगी, आणि कुत्र्याच्या लसीचा सातवा दिवस असलेला एक शाळकरी मुलगा.

मुलाची सोय त्याच्या गावाजवळच्या आरोग्य केंद्रात होते. छातीची तक्रार आणि प्लास्टर लावलेली मुलगी यांना बुधवारपर्यंतही थांबवता येत नाही. बोटे सुजली असतील, दुखणे वाढले असेल आणि बोटे बधिर किंवा थंड वाटत असतील, तर घट्ट प्लास्टर रक्तपुरवठा अडवत असण्याची शक्यता असते. त्या दोघांना मंगळवारी रात्रीच, मिळेल त्या गाडीने बोलावले जाते. जखमेचा रुग्ण सकाळी भावाच्या टेम्पोतून येणार. गरोदर बाईच्या हातात बुधवार धरून शनिवारपर्यंतचे दिवस आहेत. तिला ‘दोन दिवसांनी या’ म्हणणे सोपे आहे, पण तेव्हा गाडी मिळेल याची हमी नाही. म्हणून तिला बुधवारचीच वेळ ठेवतात आणि शुक्रवारची एक राखीव जागाही तिच्या नावाने धरतात.

राहिले १६. त्यांतले नऊ जण फोनवर तपासण्यासारखे आहेत : बीपी, मधुमेह, थायरॉइडचे जुने रुग्ण, सगळे सहा महिन्यांच्या आत प्रत्यक्ष दाखवून गेलेले. प्रत्येकाला बारा मिनिटे धरली तर हे पावणेदोन तासांचे काम आहे, आणि ते दुपारी दोनच्या पुढे ठेवले जाते, म्हणजे प्रत्यक्ष आलेल्यांना ताटकळावे लागत नाही. फोनला कमी वेळ लागतो, असा समज असतो. तो खरा नाही. फोन लागणे, ऐकू येणे, पाकिटावरचे नाव वाचून घेणे आणि शेवटी चिठ्ठी पाठवणे, यात समोरच्या तपासणीपेक्षा जास्तच वेळ जातो.

शेवटचे सात जण पुढे जाऊ शकतात : चष्म्याचा नंबर, जुनी गुडघेदुखी, वर्षातून एकदा होणारी तपासणी, असे. त्यांना पुढच्या आठवड्यातल्या चार दिवसांत दोन, दोन, दोन आणि एक अशा जागा दिल्या जातात. सगळ्यांना संप मिटल्याच्या पहिल्याच दिवशी बोलावले तर त्या दिवशी दवाखान्याची जत्रा होते. वेळही दुपारी बारा ते दोनची दिली जाते, कारण संप चालू राहिला तरी वडाप किंवा काळी-पिवळी भरून निघायला आणि तालुक्याला पोचायला तेवढा वेळ लागतोच. प्रत्येकाला दोन तारखा सांगितल्या जातात, एक नेमकी आणि एक राखीव. राखीव तारीखही केस पेपरवरच्या अखेरच्या तारखेच्या आत बसली पाहिजे. बसत नसेल तर तो रुग्ण पुढे ढकलण्यासारखा नव्हताच, त्याला फोनच्या यादीत घ्यावे लागते.

हे सगळे एका दिवसापुरते. गुरुवारच्या यादीला बुधवारी दुपारपर्यंत हात लावायचा नाही, हा नियम कडक पाळावा. पहिल्याच दिवशी धास्तीने सगळा आठवडा पुढे ढकलणारे दवाखाने २०२४ सारख्या दोन दिवसांच्या संपात अडचणीत येतात : शुक्रवारी गाड्या चालू, डॉक्टर रिकामे आणि पुढचा आठवडा मात्र दुप्पट भरलेला. रोज दुपारी दुसऱ्या दिवसाचा निर्णय घ्यायचा, एवढ्यानेच हे टळते. संप आठवड्याच्या पुढे गेला तर पद्धत बदलावी लागते. २०२१ च्या संपात शासनाने खासगी बस, शाळांच्या बस आणि मालवाहू वाहनांनाही प्रवासी नेण्याची मुभा दिली होती. म्हणजे लांबलेल्या संपात हळूहळू काहीतरी वाहन मिळू लागते आणि तेव्हा तारखा हलवण्यापेक्षा त्या वाहनांच्या वेळांशी जुळवून घेणे बरे.

वाहन आहे म्हणजे रुग्ण येऊ शकतो, असा हिशेब मात्र करू नये. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे. ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धे तिकीट आहे आणि मार्च २०२३ पासून सर्व महिलांनाही अर्धेच तिकीट आहे. दवाखान्यात येणाऱ्यांत याच लोकांचा भरणा असतो. संपात जीपवाला पूर्ण भाडे घेतो, कधी दुप्पटही. जो म्हातारा एरवी एक पैसा न देता येत होता, त्याला सोबतीसह येण्या-जाण्याचे चौपट भाडे परवडत नाही आणि तो ते फोनवर सांगतही नाही. ‘बघतो, जमलं तर येतो’ म्हणतो. हे वाक्य ऐकले की त्याला येणाऱ्यांत न धरता फोनच्या यादीत घ्यावे. परतीचेही विचारावे. सकाळी दूधवाल्याच्या गाडीतून आलेल्याला दुपारी परत नेणारे कोणी नसते. संपाच्या दिवशी दूरच्या गावचे रुग्ण नंबर सोडून आधी पाहणे हा अन्याय नाही. हे गावातल्या रुग्णांना दारावरच पाटी लावून सांगितले की कोणी तक्रार करत नाही.

निरोप देण्याची रीतही ठरलेली असावी. आधी फोन, मग लेखी मेसेज, असा क्रम चांगला. फोनवर निर्णय होतो आणि मेसेज लक्षात ठेवण्यासाठी. नुसता मेसेज गेला तर तो वाचला की नाही हे कळत नाही, आणि केस पेपरवरचा नंबर बहुधा पुण्यात किंवा मुंबईत कामाला असलेल्या मुलाचा असतो. फोन मुलाने घेतला तर ‘आईला सांगतो’ यावर थांबू नये. गावातला दुसरा नंबर मागून घ्यावा, नाहीतर त्या गावच्या आशाताईंमार्फत निरोप पोचवावा. सर्वांत दूरच्या गावापासून फोन सुरू करावेत, कारण तिथला माणूस पहाटेच घराबाहेर पडतो. रात्री नऊनंतर खेड्यात फोन उचलले जात नाहीत, तेव्हा पहिल्या तासात सर्वांत लांबची आणि सर्वांत तातडीची नावे संपायला हवीत. एका माणसाने २५ फोन करायचे तर दोन तास सहज जातात, दोघांनी वाटून घेतले तर काम वेळेत होते.

मेसेज असा असावा :

‘नमस्कार. एसटी बंद असल्याने बुधवारची आपली वेळ बदलली आहे. नवी वेळ : सोमवार, दुपारी १२.३०. तेव्हाही गाडी नसेल तर गुरुवार, दुपारी १२.३०. चालू गोळ्या बंद करू नका. गोळ्या संपत आल्या किंवा त्रास वाढला तर याच नंबरवर लगेच फोन करा. कळल्याचे कृपया उलट कळवा.’

यात आजाराचे, विभागाचे किंवा तपासणीचे नाव नाही, आणि ते मुद्दाम नाही. गावात एक फोन चार जणांच्या हातात असतो. तारखेऐवजी वार लिहिला आहे, कारण खेड्यात बाजाराच्या दिवसावरून हिशेब चालतो. शेवटचे वाक्यही महत्त्वाचे : ज्याचे उलट उत्तर आले नाही, त्याला निरोप पोचलाच नाही असे धरून दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन करायचा. दवाखाना एखाद्या कंपनीमार्फत एकगठ्ठा एसएमएस पाठवत असेल तर आणखी एक अडचण असते. दूरसंचार प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणे अशा एसएमएसचा मजकूर आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो. संपाच्या संध्याकाळी लिहिलेला नवा मजकूर जातच नाही. म्हणून तारीख आणि वेळेच्या जागा रिकाम्या ठेवलेला मजकूर आधीच नोंदवून ठेवलेला बरा.

इतके करूनही काही जण न कळल्यामुळे किंवा कळूनही येतात. ज्याची तारीख पुढे गेली आहे असा माणूस सकाळी अकराला दारात उभा राहिला, तर त्याला परत पाठवू नये. दहा किलोमीटर पायपीट करून आलेल्याला ‘तुमची वेळ सोमवारची आहे’ म्हणून परत पाठवल्यावर तो सोमवारी पुन्हा येईल, याची शक्यता फार कमी. यादीतून मोकळ्या झालेल्या जागांपैकी तीन-चार अशांसाठी राखून ठेवता येतात. दवाखान्याची स्वतःची माणसेही पाहावी लागतात. सिस्टर, लॅब टेक्निशियन, सफाई कामगार यांपैकी कोण एसटीने येते, हे आदल्या संध्याकाळी विचारले नाही, तर रुग्ण हजर आणि रक्त घ्यायला कोणी नाही, अशी वेळ येते. उपाशीपोटी रक्त द्यायला बोलावलेल्यांना तर तंत्रज्ञ येणार हे नक्की झाल्याशिवाय बोलावूच नये. साखरेच्या गोळ्या घेणारा म्हातारा दुपारपर्यंत उपाशी बसून राहिला तर त्याची साखर घसरू शकते.

सर्वांत जास्त चुका होतात त्या संप मिटल्यावर. गाड्या सुरू होतात, गर्दी उसळते आणि हलवलेल्या तारखांची वही मागे पडते. पुढची तारीख दिलेल्या सातांपैकी किती जण आले, फोनवर तपासलेल्या नऊ जणांपैकी कोणाला पुढे प्रत्यक्ष बोलवायचे होते, आरोग्य केंद्रात पाठवलेल्या मुलाने मात्रा घेतली का, हे कोणी पाहत नाही. त्यासाठी हलवलेल्या नावांची वेगळी वही हवी. तिच्यात जुनी तारीख, नवी तारीख, राखीव तारीख, अखेरची तारीख आणि ‘आला / नाही आला’ असे रकाने पुरतात. ती रोज संध्याकाळी एकाच माणसाने पाहावी. नव्या तारखेला न आलेल्याला त्याच संध्याकाळी फोन जावा, कारण त्याच्या अखेरच्या तारखेला आता थोडेच दिवस उरलेले असतात. ज्यांच्या नावापुढे फोन लागला नाही असे लिहिले आहे, त्यांची नावे गावनिहाय काढून आशाताईंकडे द्यावीत. २०२१-२२ सारखा संप लांबला तर ही वही महिनोन्महिने चालू ठेवावी लागते. तिच्यातल्या प्रत्येक ओळीपुढे ‘आला’ किंवा ‘दुसरीकडे उपचार घेतले’ अशी खूण झाली, की ती बंद करता येते.